बॅटरीची पॉवर ऋण आली तेव्हा: बॅकअप सर्किटच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

आज सर्किट कागदावर पक्कं केलं. १५ व्होल्टचा सप्लाय १ ओहमच्या रेझिस्टरमधून एका जोडाला येतो. त्या जोडाला दोन फाटे आहेत. एक लोडकडे जातो, दुसरा अर्ध्या ओहममधून १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीकडे. लोड हलका असेल तेव्हा सप्लायने लोडही चालवावा आणि बॅटरीही चार्ज करावी. लोड वाढला की बॅटरीने मदतीला यावं, एवढीच अपेक्षा. सर्किट साधं ठेवलं आहे, कारण या प्रकल्पात मोजायचं आहे ते बॅटरी कधी घेते आणि कधी देते. ते चिन्हावरूनच कळणार आहे, म्हणून चिन्ह विश्वासाचं असायला हवं.

हाताने सोडवताना बॅटरी १२ व्होल्टचा आदर्श सोर्स धरला आणि तिचा अंतर्गत रेझिस्टन्स त्या अर्ध्या ओहममध्येच मोजला. लोड ८ ओहम. जोडाचं व्होल्टेज V मानलं तर समीकरण एकच येतं:

```
(15 - V)/1 = (V - 12)/0.5 + V/8
V = 12.48
```

म्हणजे सप्लायमधून २.५२ अँपिअर निघतात, त्यातले १.५६ लोडकडे जातात आणि उरलेले ०.९६ बॅटरीत शिरतात.

माझ्या सहकारीने हेच सर्किट मेश पद्धतीने सोडवलं. तिने दोन्ही सोर्ससाठी करंटचा बाण धन टोकातून बाहेर काढला होता. सोर्स आहे म्हणजे करंट देणार, या विचाराने बहुतेक जण असाच बाण काढतात, आणि त्यात गैर काही नाही. बाण कुठल्याही दिशेने काढला तरी गणित बरोबर दिशा सांगतंच. तिचं उत्तर आलं: सप्लायसाठी +२.५२, बॅटरीसाठी −०.९६. व्होल्टेजने गुणल्यावर सप्लाय ३७.८ वॅट आणि बॅटरी −११.५२ वॅट.

आकडे जुळले. आता या −११.५२ चा अर्थ लावायचा आहे.

१३ जानेवारी

सकाळी शीटमध्ये पॉवरचा ताळेबंद मांडला आणि तो बसला नाही. सहकारीने बॅटरीची नोंद "११.५२ वॅट देते" अशी केली होती. तिचं कारण सरळ होतं: "पॅसिव्ह साइन कन्व्हेन्शनमध्ये पॉवर ऋण आली की तो घटक ऊर्जा देतो, असंच आपण शिकलो ना?"

नियम बरोबर आहे, फक्त तो या आकड्याला लागू होत नाही. का नाही, हे इथे सविस्तर लिहून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या नोंदी यावर उभ्या आहेत.

पॅसिव्ह साइन कन्व्हेन्शन म्हणजे खुणा करण्याची एक ठरलेली पद्धत. घटकाच्या एका टोकाला आपण प्लस लिहितो. करंटचा बाण त्या प्लस टोकातून *आत* शिरताना काढतो. अशा खुणा केल्या असतील तर v आणि i यांचा गुणाकार म्हणजे त्या घटकाने *घेतलेली* पॉवर. गुणाकार धन आला तर घटक घेतो, ऋण आला तर देतो. घटक रेझिस्टर आहे, बॅटरी आहे की आणखी काही, याचा या नियमाशी काही संबंध नाही.

बाण प्लस टोकातून *बाहेर* काढला असेल तर तोच गुणाकार म्हणजे घटकाने *दिलेली* पॉवर. सहकारीचा बाण बाहेर होता. म्हणून तिचं −११.५२ हे "दिलेली पॉवर −११.५२ वॅट" असं वाचायचं. उणे ११.५२ वॅट देणं म्हणजे ११.५२ वॅट घेणं. बॅटरी चार्ज होत आहे.

त्यामुळे "ऋण म्हणजे देतो" हे वाक्य एकट्याने लक्षात ठेवण्यात धोका आहे. ते अर्धं वाक्य आहे. उरलेलं अर्धं म्हणजे बाण कुठे शिरतो. बाण न पाहता ऋण चिन्हाचा अर्थ सांगताच येत नाही.

ताळेबंद नेमका कसा चुकला, तेही पाहण्यासारखं आहे. तीन रेझिस्टर मिळून किती घेतात ते काढलं:

```
R1: 2.52^2 * 1    =  6.3504
R2: 0.96^2 * 0.5  =  0.4608
RL: 12.48 * 1.56  = 19.4688
                    26.28 W
```

बॅटरी देते असं धरलं तर देणाऱ्यांची बेरीज ३७.८ अधिक ११.५२, म्हणजे ४९.३२ वॅट. घेणारे २६.२८. तफावत २३.०४ वॅट. ही तफावत बरोबर ११.५२ च्या दुप्पट आहे, आणि तो योगायोग नाही. घेणारा घटक देणाऱ्यांच्या बाजूला टाकला की तो एका रकान्यातून जातो आणि दुसऱ्यात भर घालतो, म्हणून फरक दुप्पट पडतो. ताळेबंद चुकला की आधी तफावत निम्मी करायची आणि तेवढी पॉवर असलेला घटक शोधायचा. चिन्ह उलटं लागलेला घटक तोच असतो. तफावत कुणा एकाच्याही दुपटीशी जुळली नाही तर चूक एकाच चिन्हाची नाही; एकापेक्षा जास्त चिन्हं उलटी आहेत किंवा आकडेमोड चुकली आहे.

बॅटरी घेणाऱ्यांत टाकल्यावर २६.२८ अधिक ११.५२ म्हणजे ३७.८०. सप्लाय देतो तेवढंच.

आणखी एक गोष्ट सहकारीशी बोलताना निघाली. −०.९६ आल्यावर बाण उलटा करून +०.९६ लिहिला तर चालतं. पण मग गुणाकाराचा अर्थही बदलतो: बाण आता प्लसमध्ये शिरतो, गुणाकार +११.५२ आणि तो *घेतलेली* पॉवर. बाण उलटवायचा आणि जुनं वजाही ठेवायचं, असं झालं की चिन्ह दोनदा फिरतं आणि चार्ज होणारी बॅटरी पुन्हा देणारी दिसू लागते. आम्ही ठरवलं की एकदा काढलेला बाण शेवटपर्यंत हलवायचा नाही. ऋण करंट ऋणच राहू द्यायचा.

१५ जानेवारी

तेच सर्किट ngspice या स्पाइस सिम्युलेटरमध्ये घातलं.

```
* load 8 ohm
V1 1 0 15
R1 1 2 1
R2 2 3 0.5
V2 3 0 12
RL 2 0 8
.op
.end
```

उत्तरात `v1#branch` −२.५२ आणि `v2#branch` +०.९६ आला. आकडे तेच, चिन्हं सहकारीच्या कागदाच्या बरोबर उलटी. तिच्याकडे सप्लाय धन आणि बॅटरी ऋण. इथे सप्लाय ऋण आणि बॅटरी धन.

कारण स्पाइसची पद्धत ठरलेली आहे. व्होल्टेज सोर्समधला धन करंट म्हणजे पहिल्या लिहिलेल्या, म्हणजे प्लस नोडमधून सोर्सच्या *आतून* दुसऱ्या नोडकडे वाहणारा करंट. बाण प्लसमध्ये शिरतो. स्पाइस सोर्सनाही पॅसिव्ह पद्धतच लावतं, रेझिस्टरसारखीच. म्हणून नेहमीसारखा पॉवर देणारा सोर्स तिथे ऋण करंट दाखवतो. नवीन माणूस हे पाहून सोर्स उलटा जोडला असं समजतो आणि नेटलिस्टमध्ये नोडची अदलाबदल करतो. मग मात्र सर्किट खरोखरच बिघडतं.

स्पाइसच्या पद्धतीने सप्लाय −३७.८ वॅट घेतो, म्हणजे ३७.८ देतो. बॅटरी +११.५२ घेते. सगळ्या घटकांनी घेतलेल्या पॉवरची बेरीज शून्य यायला हवी, आणि ती येते. "देणारे" आणि "घेणारे" असे दोन रकाने करण्यापेक्षा ही तपासणी मला जास्त आवडली. एकच रकाना, एकच पद्धत, बेरीज शून्य. कुठला घटक कुठल्या बाजूला टाकायचा हा निर्णयच उरत नाही, त्यामुळे तो चुकतही नाही.

१८ जानेवारी

आज टेबलावर जोडणी. लोडला उष्णतारोधक बुडाचे मोठे वायरवाउंड रेझिस्टर वापरले. बॅटरीच्या फाट्यात फ्यूज घातला. बॅटरीच्या फाट्यातच INA219 चा करंट सेन्सर आहे. त्याच्या बोर्डवर ०.१ ओहमचा शंट असतो, म्हणून बाहेरून ०.४ ओहम घालून एकूण अर्धा ओहम केला.

एक इशारा: हा पक्का चार्जर नाही. ८ ओहमचा लोड जोडलेला असेपर्यंत जोडाचं व्होल्टेज १३.३ च्या वर जाऊच शकत नाही, कारण बॅटरीने काहीच घेतलं नाही तरी १ ओहम आणि ८ ओहम मिळून १५ व्होल्टची तेवढीच वाटणी करतात. लोड काढला तर ही मर्यादा जाते आणि बॅटरीवर हळूहळू १५ व्होल्टपर्यंत चढू शकतं. म्हणून लोड काढण्याआधी सप्लाय बंद.

सेन्सरची `IN+` पिन बॅटरीच्या बाजूला आणि `IN-` जोडाच्या बाजूला आहे. सेन्सर `IN+` वजा `IN-` मोजतो, म्हणजे बॅटरीतून बाहेर येणारा करंट धन. सप्लाय चालू केल्यावर वाचन आलं: १२.९० व्होल्ट, −०.४९ अँपिअर. गुणाकार सुमारे −६.३ वॅट.

कागदावर ०.९६ अँपिअर होते, इथे निम्मेच. याचं कारण बॅटरी. चार्ज होताना तिच्या टोकांवर १२ व्होल्ट नाहीत, मल्टिमीटरने १२.६६ मिळाले. १२.९० आणि १२.६६ मधला फरक ०.२४ व्होल्ट, अर्ध्या ओहमवर बरोबर ०.४९ च्या आसपास. सप्लायच्या बाजूने पाहिलं तर १ ओहमवर २.१ व्होल्ट पडतात, म्हणजे २.१ अँपिअर, लोडला १.६१, उरतात ०.४९. सगळं एकमेकांशी जुळतं.

सर येऊन गेले. त्यांनी स्क्रीनवरचं −६.३ पाहून विचारलं, "बॅटरी घेते आहे हे तुम्ही सेन्सरच्या चिन्हावरून म्हणताय. सेन्सरच उलटा जोडला असेल तर?"

प्रश्न रास्त होता. चिन्हावर अजिबात न विसंबता दिशा ठरवता यायला हवी. त्यासाठी मल्टिमीटर पुरेसा आहे. काळी प्रोब ग्राउंडवर ठेवून अर्ध्या ओहमच्या दोन्ही टोकांचं व्होल्टेज मोजलं. जोडाकडे १२.९०, बॅटरीकडे १२.६६. रेझिस्टरमध्ये करंट जास्त व्होल्टेजकडून कमीकडे वाहतो, त्यात पद्धतीचा प्रश्नच नाही. म्हणजे करंट बॅटरीकडे चालला आहे आणि तिच्या धन टोकातून आत शिरतो आहे. धन टोकातून आत शिरणारा करंट म्हणजे बॅटरी घेते आहे. सेन्सरची ऋण खूण बरोबर निघाली. दुसरी खूण वेळ लावते: बॅटरीच्या टोकांवरचं व्होल्टेज हळूहळू चढत होतं. देणारी बॅटरी असं करत नाही, तिचं व्होल्टेज उतरतं.

रेझिस्टरची ही युक्ती यापुढे प्रत्येक जोडणीनंतर आधी करायची असं ठरलं. एकदा सेन्सरचं चिन्ह असं ताडून घेतलं की मग लॉगमधल्या चिन्हावर भरवसा ठेवता येतो.

१९ जानेवारी

सेन्सरची पॉवर आणि स्पाइसची पॉवर शेजारी ठेवताना फक्त चिन्हाचा फरक असेल असं वाटू शकतं. तसं नाही. सेन्सर व्होल्टेज मोजतो ते `IN-` पिनवर, म्हणजे आमच्या जोडणीत जोडापाशी. स्पाइसमध्ये आपण घेतलं ते बॅटरीचं स्वतःचं १२ व्होल्ट.

कागदी आकड्यांवर हे स्वच्छ दिसतं. जोडापाशी मोजलं तर बॅटरीचा फाटा १२.४८ गुणिले ०.९६, म्हणजे ११.९८ वॅट घेतो. बॅटरीचा आदर्श सोर्स ११.५२ घेतो. मधले ०.४६ वॅट अर्ध्या ओहमात तापून जातात, वर R2 ची पॉवर तेवढीच आली होती. चौकट कुठे आखली त्यावर आकडा ठरतो, बाण कुठे शिरतो त्यावर चिन्ह. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही एकदम बदलल्या की गोंधळ होतो. आता प्रत्येक वाचनाशेजारी चौकटीचं नाव लिहितो: "जोडापाशी" किंवा "बॅटरीच्या टोकांवर".

२१ जानेवारी

लोड ३ ओहम केला. आधी कागद: जोडाचं व्होल्टेज ११.७ येतं, १२ पेक्षा कमी. म्हणजे बॅटरीतून ०.६ अँपिअर बाहेर येतात, सप्लायमधून ३.३, लोडला ३.९. बॅटरी ७.२ वॅट देते. सहकारीच्या बाणाने +७.२, स्पाइसच्या बाणाने −७.२. दोघांचं म्हणणं एकच.

चिन्ह कुठे पलटतं, तेही निघालं. जोड बरोबर १२ व्होल्टवर आला की अर्ध्या ओहमवर व्होल्टेजच उरत नाही आणि बॅटरीचा करंट शून्य. तेव्हा सप्लायचे ३ अँपिअर पूर्ण लोडला जातात, म्हणजे लोड ४ ओहम. ४ पेक्षा जास्त ओहम असेल तर बॅटरी घेते, कमी असेल तर देते. सर्किटमध्ये काहीही उलटं न जोडता, फक्त लोड बदलून तोच सोर्स घेणाऱ्याचा देणारा होतो. म्हणून घटकाच्या नावावरून त्याची भूमिका ठरवता येत नाही.

टेबलावर ३ ओहमला वाचन आलं ११.९४ व्होल्ट, +०.९२ अँपिअर. सेन्सर आता धन, म्हणजे बॅटरी देते. मल्टिमीटरने ताडलं: बॅटरीकडे १२.४०, जोडाकडे ११.९४. करंट बॅटरीकडून जोडाकडे. जुळलं.

एक लक्षात आलं. बॅटरीचं व्होल्टेज चार्ज होताना १२.६६ होतं आणि देताना १२.४०. त्यामुळे खऱ्या बॅटरीचा पलटण्याचा बिंदू ४ ओहमवर नेमका बसत नाही. बॅटरी किती भरली आहे त्यानुसार तो सरकतो. भरलेली बॅटरी तुलनेने हलक्या लोडलाच द्यायला लागते.

२३ जानेवारी

लॉग फाइलमध्ये रकान्याचं नाव नुसतं `power` होतं. ते बदलून `p_abs` केलं, म्हणजे घेतलेली पॉवर, आणि सेन्सर बाहेर जाणारा करंट धन दाखवतो म्हणून चिन्ह एकाच जागी फिरवलं:

```python
i_in = -i_sensor
p_abs = v_bus * i_in
e_abs += p_abs * dt
```

फिरवणं फक्त इथे. आलेखात, शीटमध्ये कुठेही परत फिरवायचं नाही.

सहकारीच्या जुन्या शीटमध्ये पॉवरला `abs()` लावलं होतं, आलेख शून्याखाली जाऊ नये म्हणून. ते काढलं. चार्जिंगचे आणि डिस्चार्जचे तास एकाच लॉगमध्ये असताना `abs()` दोन्हीची बेरीज करतो आणि बॅटरीत निव्वळ किती ऊर्जा गेली हेच हरवतं. आलेख शून्याखाली जातो तिथेच तर बॅटरी द्यायला लागलेली असते.

२६ जानेवारी

आज एक वेगळा प्रश्न. सप्लाय १० व्होल्टवर आणला आणि लोड काढला तर? स्पाइस म्हणतं, बॅटरीतून सप्लायकडे १.३३ अँपिअर वाहतील. बॅटरी १६ वॅट देईल, दोन रेझिस्टर मिळून २.६७ घेतील आणि सप्लाय १३.३३ वॅट *घेईल*. ताळेबंद चोख आहे.

पण टेबलावरचा साधा लॅब सप्लाय असं घेऊ शकत नाही. त्याची आउटपुट स्टेज करंट बाहेर ढकलण्यासाठी बनवलेली असते, आत ओढण्यासाठी नाही. बॅटरी त्याच्या टोकांना ओढून स्वतःच्या व्होल्टेजपर्यंत वर नेते, आणि आत उलटा करंट शिरला तर सप्लाय खराब होऊ शकतो. दोन्ही दिशांना काम करणारे सप्लाय वेगळे मिळतात. आदर्श सोर्सच्या मॉडेलला हा फरक माहीत नसतो; त्याला कितीही वॅट द्या, तो घेतो.

म्हणून एखाद्या सोर्सची पॉवर "घेतो" अशी निघाली की चिन्ह तपासून थांबत नाही. तो खरा घटक घेऊ शकतो का, हेही विचारतो. रिचार्जेबल बॅटरी घेते. साधा सप्लाय घेत नाही. एकदाच वापरायच्या सेलमध्ये करंट उलटा ढकलणं धोक्याचं असतं, तो गळू किंवा फुटू शकतो.

उलटा करंट अडवायला सप्लायच्या बाहेर शॉटकी डायोड घातला आणि नेटलिस्टमध्येही तोच ठेवला. सप्लाय १० व्होल्ट, लोड काढलेला: सेन्सरवर करंट जवळजवळ शून्य, डायोडची किंचित गळती तेवढी. सप्लायच्या टोकांवर १० व्होल्टच राहिले. लोड परत लावून सप्लाय १५ वर नेला तर डायोडवर थोडं व्होल्टेज जातं, म्हणून बॅटरीला मिळणारा करंट आधीपेक्षा कमी झाला. तो भरून काढायला सप्लाय किती वर न्यायचा ते पुढच्या वेळी मोजायचं आहे, जोड १४.४ च्या खाली ठेवून.